काकांचा ‘अं’ आणि खिडकीचे गज

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यातल्या एका गावात मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकविते. गेल्या सप्टेंबरमध्ये, कपाशीला हिरवी बोंडे धरलेली असताना, आमच्या गावातील एका निवृत्त कृषी सहायकांनी गुलाबी बोंडअळीवर शाळेच्या वर्गात व्याख्यान दिले आणि मी ते तिपाईवर ठेवलेल्या मोबाईलने चित्रित केले. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. चित्रण ४१ मिनिटांचे झाले. काकांचा अनुभव मोठा आहे, परंतु ते थांबून थांबून बोलतात. प्रत्येक नव्या मुद्द्याआधी ‘अं’ येतो, मध्येच ‘म्हणजे का आहे का’ येते, आणि पिशवीतून डोमकळी, म्हणजे अळीने गुंडाळलेले न उमललेले फूल, किंवा किडलेले बोंड शोधून काढताना चार-पाच सेकंद काहीच ऐकू येत नाही. समोर बसलेल्यांना त्याचे काही वाटले नाही, पण तेच चित्रण मोबाईलवर पाहताना लोक दहाव्या मिनिटाला ते बंद करीत आहेत, असे मला दोन-तीन शेतकऱ्यांनी स्पष्ट सांगितले.

म्हणून मी ते कापायला बसले. पहिल्या प्रयत्नात मी जे केले ते बहुतेक जण करतात, असे मला वाटते: संगणकावर ध्वनीची लहर मोठी करून पाहिली, जिथे ‘अं’ दिसला तिथे आधी आणि नंतर काप दिला, मधला तुकडा काढून टाकला आणि पुढचा भाग ओढून मागच्याला चिकटविला. व्याख्यान २९ मिनिटांवर आले. ऐकताना ते छान वाटत होते, पण पाहताना काकांची मान दर काही सेकंदांनी झटका खात होती आणि हातातले बोंड एका क्षणी छातीशी, तर पुढच्याच क्षणी टेबलावर दिसत होते. काकांना दाखविले, तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “मॅडम, हे पाहून मले वाटते का मी मधातच कुठंतरी गायब होऊन रायलो.” त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे होते. कॅमेरा जागचा हलत नाही, माणसाचा आकार तोच राहतो, पाठीमागची भिंतही तीच असते. अशा वेळी माणूस फक्त बोटभर सरकला तरी डोळ्याला तो धक्का म्हणून जाणवतो. दोन अगदी वेगळी चित्रे एकापाठोपाठ आली तर डोळा ती सहज स्वीकारतो. जवळजवळ सारखी पण किंचित सरकलेली दोन चित्रे आली की मात्र तो अडखळतो.

त्या पहिल्या प्रयत्नात आणखी एक गोष्ट बिघडली होती, ती आधी सांगते, कारण ती सुरुवातीलाच दुरुस्त केली नाही तर पुढची सारी मेहनत वाया जाते. व्याख्यानाच्या शेवटाकडे ओठ आणि आवाज यांचा मेळ राहिला नव्हता. मोबाईल सेकंदाला ३० चौकटी, म्हणजे ३० स्थिर चित्रे, घेतो असे म्हणतो खरे, पण प्रकाश कमी-जास्त झाला किंवा मोबाईल तापला की त्या चौकटींमधले अंतर एकसारखे राहत नाही, आणि संपादनाचा प्रोग्राम मात्र ते एकसारखे आहे असे धरून चालू शकतो. दुसऱ्या खेपेला मी एकही काप देण्याआधी ffmpeg नावाच्या प्रोग्रामने मूळ फाइल ठरावीक गतीची करून घेतली:

```
ffmpeg -i mul.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a aac -b:a 192k sthir.mp4
```

त्यानंतर लांब विराम शोधण्याचे काम मी कानावर न सोडता यंत्राकडे दिले. ffmpeg मध्येच शांतता ओळखणारे एक साधन आहे. ते काहीही कापत नाही, फक्त प्रत्येक शांततेची सुरुवात आणि शेवट किती सेकंदांवर आहे ते पडद्यावर लिहून दाखविते.

```
ffmpeg -i sthir.mp4 -af silencedetect=noise=-30dB:d=0.8 -f null -
```

आधी मी आवाजाची मर्यादा उणे ५० डेसिबल ठेवली होती, तेव्हा संपूर्ण व्याख्यानात एकही शांतता सापडली नाही. कारण साधे होते: वर्गात पंखा चालू होता आणि त्याची घरघर त्या मर्यादेच्या वर होती. मर्यादा उणे ३० पर्यंत आणल्यावर विराम सापडू लागले, परंतु आता दुसरी अडचण उभी राहिली. आपण वाक्याच्या शेवटी आवाज खाली नेतो, आणि ‘आहे’ किंवा ‘लागते’ यांचा शेवटचा भाग पंख्याच्या आवाजात जवळजवळ बुडालेला असतो. यंत्र त्यालाही शांतता समजते. म्हणून त्याने दिलेल्या वेळा मी नेमक्या कापाच्या जागा मानल्या नाहीत, तर तिथे जाऊन पाहायच्या खुणा मानल्या आणि शब्दाच्या दोन्ही बाजूंना चार-पाच चौकटी राखून ठेवल्या. शब्दाआधी बोलणारा श्वास घेतो, तोही शब्दाबरोबरच ठेवावा लागतो. श्वास कापला की पुढचा शब्द कुणीतरी बाहेरून आणून डकविल्यासारखा वाटतो.

दुसऱ्या खेपेचे संपादन मी डाविन्ची रिझॉल्व्हच्या विनामूल्य आवृत्तीत केले. या वेळी कापण्याआधी प्रत्येक खुणेपाशी मी स्वतःला एकच प्रश्न विचारला: इथे चित्र कापण्याची गरज आहे का? हा प्रश्न मला आधी सुचला असता तर पहिल्या प्रयत्नातले निम्मे धक्के बसलेच नसते. काकांचा ‘अं’ बहुतेक वेळा अर्ध्या सेकंदाचा असतो आणि त्यात ओठ फारसे हलत नाहीत. तोंड मिटलेले किंवा किंचित उघडे असते. अशा ठिकाणी मी चित्राला हातही लावला नाही. फक्त ध्वनीच्या पट्टीतला तेवढा तुकडा काढला आणि त्या जागी पंख्याची नुसती घरघर भरली. पाहणाऱ्याला काका क्षणभर थांबून विचार करताना दिसतात. चित्र सलग असल्यामुळे धक्का बसण्याचा प्रश्नच उरत नाही. हे ‘म्हणजे’ किंवा ‘तर’ यांच्या बाबतीत करता येत नाही, कारण तिथे ओठ स्पष्ट शब्द उच्चारत असतात आणि आवाज नसला की ते चटकन लक्षात येते.

यासाठी वर्गाचा रिकामा आवाज जवळ असावा लागतो. चित्रण सुरू करण्याआधी सर्वांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसता वर्गच ध्वनिमुद्रित करून ठेवायला हवा होता. मी तसे केले नव्हते. शेवटी काका पिशवीत हात घालून बोंड शोधत होते तिथले सहा सेकंद मला उपयोगी पडले. ते कापून मी जिथे जिथे ‘अं’ काढला होता तिथे पसरले आणि प्रत्येक सांध्यावर दोन चौकटींचा ध्वनिमिश्रणाचा उतार दिला. उतार दिला नाही तर सांध्यावर बारीक ‘टक’ ऐकू येते, आणि घरघर भरली नाही तर आवाज अचानक विहिरीत पडल्यासारखा होतो. काप डोळ्यांना दिसला नाही तरी कानाला कळतो.

आता जिथे चित्र कापावेच लागते त्या जागांकडे येते. काकांच्या मागे वर्गाची खिडकी होती आणि तिला उभे लोखंडी गज होते. चित्रण करताना ती पार्श्वभूमी मला अडचणीची वाटली होती, पण संपादनात तिच्याइतकी मोलाची मदत दुसऱ्या कशाची झाली नाही. काकांचा डावा कान कोणत्या गजाला लागून आहे, हे पाहिले की मान किती सरकली ते मोजपट्टी लावल्यासारखे कळते. कापाच्या आधीची शेवटची चौकट आणि नंतरची पहिली चौकट यांच्यामध्ये बाणाच्या कळीने मी पाच-सहा वेळा पुढे-मागे जात असे. कान गजापाशी स्थिर राहिला, खांद्याची रेघ हलली नाही आणि खिशातला पेन जागेवर राहिला, तर तो काप चालतो, एरवी नाही.

अठराव्या मिनिटातले एक वाक्य सविस्तर सांगते, कारण त्यावर मी पूर्ण एक संध्याकाळ घालविली आणि पुढचे सारे काप त्याच रीतीने केले. मादी पतंगाच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांवरून फवारणी कधी ठरवायची ते काका सांगत होते: “सलग तीन रात्री, अं, म्हणजे का आहे का, म्हणजे, प्रत्येक सापळ्यात आठ पतंग सापडले, तर समजायचं.” ‘रात्री’ आणि ‘प्रत्येक’ यांच्यामध्ये पाच सेकंद जात होते. पहिल्या प्रयत्नात मी ‘री’ संपताक्षणी कापून थेट ‘प्र’ला जोडले होते. त्यात तीन दोष होते. ओठ ‘री’साठी ताणलेले असतानाच पुढच्या चौकटीत मिटलेले दिसत, कान तिसऱ्या गजावरून एकदम दुसऱ्याकडे जाई, आणि छातीशी धरलेले बोंड पोटाशी येई. शिवाय ऐकताना ‘तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ’ हे इतके सलग येई की एका शेतकऱ्याने मला तीन रात्रींचे मिळून आठ का, असे विचारले. आकडा दर रात्रीचा आहे, आणि तो गैरसमज माझ्या कापामुळे झाला होता.

मग मी ती पाच सेकंदे चौकट चौकट पाहिली. ‘रात्री’ म्हटल्यावर काकांनी ओठ मिटले होते आणि ‘अं’ त्यानंतर आठ-नऊ चौकटींनी सुरू होत होता. दुसऱ्या बाजूला, ‘प्रत्येक’ हा शब्द ‘प’ने सुरू होतो, आणि ‘प’ उच्चारण्यासाठी ओठ आधी मिटावेच लागतात. काकांनी ते वीस चौकटी आधीच मिटले होते आणि तेवढ्या वेळात मान हळूहळू वळविली होती. म्हणजे दोन्ही बाजूंना मिटलेल्या ओठांच्या चौकटी माझ्या हाती होत्या आणि त्यांतून कान त्याच गजाशी असलेली जोडी निवडायची होती. ‘री’नंतरची पाचवी चौकट आणि ‘प्र’च्या आधीची सोळावी चौकट यांचा मेळ बसला. मधे २१ चौकटी, म्हणजे सेकंदाच्या सात-दशांश इतका विराम राहिला. तो मी आनंदाने ठेवला, कारण ‘तीन रात्री’ आणि ‘आठ पतंग’ हे वेगळे ऐकू येण्यासाठी तेवढी जागा हवीच होती.

तेव्हापासून मी ओठ मिटणारी अक्षरे शोधू लागले. प, फ, ब, भ, म यांनी सुरू होणाऱ्या शब्दाआधी काप लपविणे सर्वांत सोपे जाते. ‘पण’, ‘मग’, ‘फवारणी’, ‘बोंड’, ‘पतंग’, ‘मादी’ असे शब्द काकांच्या बोलण्यात जागोजागी होते. ‘आणि’ किंवा ‘अळी’ने सुरू होणाऱ्या वाक्याआधी तोंड आधीच उघडू लागते, त्यामुळे जोडीची चौकट मिळविणे अवघड होते.

हाताचा प्रश्न मात्र गजांनी सुटला नाही. बोंड वर-खाली होतच होते. इथे चित्राच्या आकाराची मदत झाली. मूळ चित्रण १०८० ओळींचे होते आणि मोबाईलवर पाठवायचे असल्यामुळे मी अंतिम चित्र ७२० ओळींचे करणार होते, त्यामुळे चित्र दीडपटीपर्यंत मोठे केले तरी ते पुसट होत नव्हते. ‘कामगंध सापळे’ हा मुद्दा सुरू होतो तिथपासून मी चित्र सव्वापट मोठे केले. काकांचे डोळे पडद्यावर त्याच उंचीला राहतील असे ते वर-खाली सरकविले. त्यामुळे बोंड धरलेला हात चौकटीबाहेर गेला आणि अठराव्या मिनिटातल्या त्या सांध्यात तो दिसायचाच बंद झाला. असा आकारबदल मी मुद्दा बदलतो तिथेच केला. अनेक जण प्रत्येक कापावर चित्र लहान-मोठे करतात. ते मला अजिबात पटत नाही, कारण झटक्याच्या जागी डुलणे येते आणि पाहणाऱ्याला काप कुठे आहेत ते उलट जास्तच कळते. बदल पाच-दहा टक्क्यांचा असेल तर तो चुकून झाल्यासारखा दिसतो. वीस टक्क्यांच्या खाली मी गेले नाही.

जिथे काका खाली वाकून पिशवीत पाहत, तिथे कोणताच मेळ बसणे शक्य नव्हते. त्या जागा झाकण्यासाठी मी एका सकाळी शेजाऱ्यांच्या शेतात जाऊन डोमकळी, किडके बोंड, सापळा आणि त्यात लावलेली कामगंधाची गोळी अशी दहा-बारा दृश्ये प्रत्येकी दहा सेकंद घेतली. झाकणारे दृश्य कापाच्या एक सेकंद आधी सुरू करून काप झाल्यावर दोन सेकंदांनी संपविले, म्हणजे दृश्याचा काठ आणि ध्वनीचा सांधा एका जागी पडत नाही. काका डोमकळीबद्दल बोलत असताना डोमकळीच दिसली पाहिजे, हे पाळावे लागते. भलतेच दृश्य आले की शेतकरी ऐकायचे सोडून ते कशाला दाखविले याचा विचार करू लागतो.

रिझॉल्व्हमध्ये स्मूथ कट नावाचा एक जोड मिळतो, जो दोन चौकटींच्या मधल्या चौकटी स्वतः तयार करून चेहरा एका स्थितीतून दुसरीत सरकवितो. तो मी फक्त चार ठिकाणी वापरला. कान अर्धा गज सरकलेला असताना, हात चौकटीबाहेर असताना आणि जोडाची लांबी पाच-सहा चौकटींपेक्षा अधिक नसताना तो उत्तम काम करतो. लांबी वाढविली तर ओठ पाण्यात पाहिल्यासारखे वितळतात, आणि हात दिसत असेल तर बोटे क्षणभर सहा-सात होतात. खिडकीचे गजही एकदा वाकलेले दिसले, म्हणून तो काप मी परत मोडला.

एक चूक चित्राच्या नव्हे, तर आवाजाच्या बाजूने झाली. तेविसाव्या मिनिटाला रस्त्यावरून मोटरसायकल जात असताना मी एक ‘म्हणजे’ काढला होता. ओठ जुळले, कान जुळला, पण मोटरसायकल वाक्याच्या मधोमध अचानक दूर गेली. गाडी येते आणि जाते त्या पट्ट्यात कापू नये, हे तेव्हा लक्षात आले. तिथला ‘म्हणजे’ मी जसाच्या तसा परत ठेवला. तसे पाहिले तर काकांचे सर्वच ‘म्हणजे’ काढण्यासारखे नव्हते. “डोमकळी, म्हणजे न उमललेलं, अळीनं गुंडाळलेलं फूल” यातला ‘म्हणजे’ अर्थ सांगतो. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी काका समोरच्यांकडे पाहून “समजलं का?” असे विचारून थांबत, तो विराम मी एकदाही कमी केला नाही, कारण तेव्हा समोर बसलेली माणसे माना हलवीत होती आणि पाहणाऱ्यालाही तेवढा वेळ हवा असतो.

तपासणी मी तीन वेळा केली. एकदा आवाज बंद करून, कारण बोलणे ऐकू येत असले की लक्ष अर्थाकडे जाते आणि झटका नजरेतून सुटतो. एकदा डोळे मिटून, फक्त ऐकण्यासाठी. आणि एकदा माझ्या दहावीच्या वर्गातल्या, ते व्याख्यान आधी न पाहिलेल्या दोन मुलींना दाखवून. जिथे काहीतरी खटकले तिथे वेळ लिहा, एवढेच मी सांगितले. दोघींनी मिळून पाच जागा लिहिल्या. त्यातल्या दोन ठिकाणी ढग आल्यामुळे खिडकीचा उजेड कापाच्या दोन बाजूंना वेगळा होता, ते माझ्या लक्षातही आले नव्हते. पुढच्या तुकड्याचा उजेड किंचित कमी करून ते सांधे बसविले. तिसरा आणि चौथा सापळ्याच्या दृश्यांनी झाकला.

पाचवी जागा एकतिसाव्या मिनिटाची आहे. तिथे काका चष्मा काढून पुसतात, पुन्हा घालतात आणि मध्ये साडेतीन सेकंद काहीच बोलत नाहीत. आधी मी ती सेकंदे काढली होती, आणि चष्मा एका चौकटीत नाकावर, तर पुढच्या चौकटीत हातात दिसत होता. तो सांधा ना गजांनी बसला, ना आकाराने, आणि तिथे दाखविण्याजोगे शेतातले दृश्यही नव्हते. शेवटी तो काप मोडून मी ती साडेतीन सेकंदे परत जागेवर ठेवली. व्याख्यान आता ३३ मिनिटांचे आहे. काकांनी ते शेवटपर्यंत पाहिले, चष्म्याच्या जागी हसले आणि म्हणाले, “आता हा मीच दिसून रायलो.”